शेवटच्या हप्त्याची तारीख

नमस्कार मंडळी. महागाई म्हणजे काय, हे किराणा भरणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. पण एका गोष्टीत पुष्कळांची गल्लत होते. महागाईचा दर म्हणजे भाव नव्हे, भाव चढण्याचा वेग. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याकडे हा दर ७.७९ टक्के होता. म्हणजे वर्षापूर्वी शंभर रुपयांत येणाऱ्या सामानाला जवळजवळ १०८ रुपये पडत होते. पुढच्या वर्षी दर ४ टक्क्यांवर आला, तरी ते सामान शंभराला मिळणार नाही, ११२ला मिळेल. महागाई उतरली म्हणजे भाव उतरले असं नाही, चढण्याचा वेग तेवढा मंदावला.

हा वेग ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ ते ६ च्या दरम्यान ठेवायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे. तिच्या हातातलं मुख्य साधन म्हणजे रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर. मे २०२२ मध्ये तो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के.

या अडीच टक्क्यांनी काय होतं, ते मला माझ्या धाकट्या भावामुळे कळलं. त्याने जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅटसाठी वीस लाखांचं कर्ज काढलं होतं. मुदत वीस वर्षं, व्याज ७ टक्के, पण रेपोला बांधलेलं, म्हणजे रेपो हलला की हेही हलणार. हप्ता साधारण साडेपंधरा हजार. मार्च २०२३ मध्ये एका रविवारी तो कर्जाचा उतारा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, बँकेचं काहीतरी चुकलंय. मी एकही हप्ता चुकवला नाही, हप्ता वाढलेलाही नाही, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघ."

तारीख होती २०६३ सालची. २०४१ला फिटायचं कर्ज २०६३ला! तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा असेल.

आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. बाकी होती एकोणीस लाख चौदा हजारांच्या आसपास. व्याज आता साडेनऊ टक्के. एका महिन्याचं व्याजच झालं पंधरा हजार दीडशे. साडेपंधरा हजारांतून ते गेलं की मुद्दलात किती? जेमतेम साडेतीनशे रुपये. बँक चुकली नव्हती. तिने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली होती, आणि ते कळवणारा मेसेज त्याने वाचलाच नव्हता. पासबुक दर महिन्याला छापून घ्यायची आपली जुनी सवय सुटली, हे मला मनापासून वाईट वाटतं. छापलेला आकडा डोळ्यांत भरतो, फोनवरचा निसटून जातो.

दुसऱ्या दिवशी त्याने बँकेत अर्ज दिला. मूळ मुदतीत कर्ज फेडायचं तर हप्ता साधारण अठरा हजार सहाशे, म्हणजे महिन्याला तीन हजार शंभर जास्त. हे पैसे आणायचे कुठून? स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या फर्निचरचं काम सुताराला सांगून ठेवलं होतं, ते त्याने थांबवलं.

आणि मंडळी, रेपो दर काम करतो तो असा. माझ्या भावाने थांबवलेलं काम, हाच त्याचा परिणाम. अशी लाखो कामं थांबली की प्लायवूडची, मजुरीची मागणी घटते आणि दुकानदाराला भाव वाढवणं जड जातं. हे व्हायला काही महिने, कधी वर्षसुद्धा लागतं. आणि त्या सुताराचा रोजगार बुडतो, हेही खरं. त्याने काहीच महाग केलेलं नसतं.

पण या साधनाला मर्यादा आहे. रेपो दराने मागणी कमी होते, टोमॅटो पिकत नाहीत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो आणि इतर भाज्या भडकल्या, महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, तरी रिझर्व्ह बँकेने दर साडेसहावरच ठेवला. नवा माल बाजारात आला आणि सप्टेंबरमध्ये महागाई ५ टक्क्यांवर उतरली. कर्ज महाग करून भाजी स्वस्त होत नाही. तेव्हा थांबणंच शहाणपणाचं होतं, असं माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरू लागला, जूनमध्ये साडेपाच झाला. भावाला बँकेने विचारलं, हप्ता कमी करू का? त्याने नको म्हणून कळवलं. हप्ता अठरा हजार सहाशेच आहे, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख आता २०४१ च्याही अलीकडे आली आहे. उतारा तो दर तीन महिन्यांनी छापून आणतो.