जगाच्या आकड्यापासून कुणग्यातल्या बाईपर्यंत

(सावंतवाडीत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझ्या एका विद्यार्थिनीने लेप्टोस्पायरोसिसवरच्या प्रबंधाची प्रस्तावना लिहून आणली. पहिली दोन पानं आरोग्याच्या व्याख्येत आणि जंतूच्या वर्णनात गेली होती. शेवटी एकच वाक्य होतं : ‘सिंधुदुर्गात या विषयावर फारसा अभ्यास झालेला नाही, म्हणून हा अभ्यास हाती घेतला.’ मी तिला विचारलं, अभ्यास झालेला नाही म्हणजे नक्की काय कळलेलं नाही? तिला लगेच सांगता आलं नाही. मग आम्ही दोघांनी ती प्रस्तावना नव्याने रचली. आज तेच सांगतो.

सुरुवात रोगाच्या भारापासून. जगात दरवर्षी या रोगाचे सुमारे 10 लाख 30 हजार रुग्ण आणि 58,900 मृत्यू, हा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज बहुतेक जण देतात आणि पुढे जातात. इथे थांबा. त्या 10 लाखांची विश्वासमर्यादा 4 लाख 34 हजारांपासून साडेसतरा लाखांपर्यंत आहे. एवढा पसारा का? कारण ताप, अंगदुखी, डोकेदुखी घेऊन आलेला माणूस डेंग्यूचाही असू शकतो आणि लेप्टोचाही. खात्रीच्या निदानाला बहुतेकदा रक्ताचे दोन नमुने लागतात, काही दिवसांच्या अंतराने घेतलेले, आणि बरा झालेला शेतकरी दुसऱ्या नमुन्यासाठी परत येत नाही. मर्यादेसकट आकडा दिलात की मोजणी कुठे सैल आहे, हे वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळतं.

त्याच अंदाजात जवळजवळ निम्मे रुग्ण 20 ते 49 वयाचे पुरुष आहेत. आता आपल्याकडची भातलावणी डोळ्यांसमोर आणा. चिखलणी पुरुष करतात, पण तरवा काढायला आणि लावायला वाकलेल्या असतात त्या बहुतेक बायका. पायाला चिरा पडलेल्या, दिवसभर कुणग्यातल्या पाण्यात, आणि त्या पाण्यात उंदराचं नि गुरांचं मूत्र मिसळलेलं. जगाचं चित्र आणि इथलं काम यांतला हा फरक प्रस्तावनेच्या दुसऱ्या पायरीवर यावा. मात्र त्यावरून ‘इथे बायकांनाच जास्त होतो’ असं लिहू नका. संसर्गाची संधी दिसली म्हणजे रोगाचं प्रमाण मोजलं गेलं, असं होत नाही.

तिसरी पायरी प्रतिबंधक उपायाची, आणि इथे सावकाश जायला हवं. डॉक्सिसायक्लिनची 200 मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा. 1984 मध्ये पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या 940 अमेरिकी सैनिकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला : गोळी घेणाऱ्यांत 1 रुग्ण, न घेणाऱ्यांत 20. पुढे अंदमानात प्रयोग झाला, तिथे आजार कमी झाला पण संसर्ग थांबला नाही. म्हणजे ‘गोळी चालते का’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर हाती आहे. विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात नेमका हाच प्रश्न होता. तो तिने सोडला, आणि ते सोडणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

उरतं काय? सैनिकाचं प्रशिक्षण तीन आठवड्यांचं, गोळी ठरल्या दिवशी, शिस्तीत. इथे लावणी लांबते, बाई आज स्वतःच्या शेतात तर उद्या शेजारणीच्या. आशाताई गोळी देऊन जातात आणि वहीत नोंद होते ती वाटपाची. सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून ती बाई पुढच्या आठवड्याची गोळी फळीवर ठेवून देते. पेज जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, हे तिला कुणी सांगितलेलं असेल किंवा नसेल. वाटलेली आणि गिळलेली गोळी यांतलं अंतर : संशोधनातली पोकळी ही आहे.

ती लिहिण्याआधी कुठे शोधलं, कोणते शब्द वापरून शोधलं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिने टिपून ठेवलं. शेजारच्या राज्यांतलं काम सापडलं असतं तर ते प्रस्तावनेत यायलाच हवं होतं. फक्त जिल्हा बदलला म्हणून पोकळी तयार होत नाही. त्या जिल्ह्यात उत्तर वेगळं का येईल, ते सांगावं लागतं.

आणि एक कसोटी. उत्तर मिळाल्यावर कुणाचं काम बदलेल? पहिल्या आठवड्यालाच बायका गोळी घेत नसतील, तर अडचण समजावण्यात आहे. पहिली घेतात आणि तिसरी सोडतात असं निघालं, तर अडचण मळमळीत किंवा पुरवठ्यात असू शकते. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला या दोन्हींसाठी वेगवेगळी पावलं उचलावी लागतील.

तिचं शेवटचं वाक्य आता असं आहे : ‘लावणीच्या काळात गोळी मिळालेल्या स्त्रियांपैकी किती जणी ती दर आठवड्याला घेतात, कितव्या आठवड्यापासून सोडतात आणि का, हे वाटपाच्या नोंदींवरून कळत नाही, प्रस्तुत अभ्यास ते घरोघरी विचारून आणि उरलेल्या गोळ्या मोजून पाहतो.’