निळ्या अक्षरांच्या मागे काय आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

परवा इंटरनेटवर एक लेख उघडला. विषय साधा: रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं. लेख मात्र मारुतीच्या शेपटासारखा! मधूनमधून जाहिराती, आणि जागोजागी निळ्या अक्षरांतल्या लिंक. असा लेख पहिल्या ओळीपासून वाचायला बसलं, की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

मी आधी काहीही न वाचता थेट तळाशी जाते. वाटेत उपशीर्षकं, लेखकाचं नाव आणि तारीख एवढंच बघते. कुठले परिच्छेद लेखाचे आणि कुठले जाहिरातीचे, तेही तेव्हाच कळतं. हल्लीच्या जाहिराती लेखासारखाच टाइप वापरतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, तेवढीच काय ती खूण.

मग एक वाक्य शोधायचं, ज्यावर सगळा लेख उभा आहे. या लेखात ते तिसऱ्या परिच्छेदात होतं: ‘आठ ग्लासांची गरज शास्त्रज्ञांनी सिद्ध केली आहे.’ त्वचेची चमक, डोकेदुखी, वजन, हे पुढचं सगळं त्याच वाक्याच्या आधारावर. ते टिकलं तर बाकीचं वाचायचं, नाहीतर कशाला?

‘सिद्ध’ हा शब्द निळा होता. निळा रंग दिसला की आपल्याला उगीचच वाटतं, पुरावा दिलाय. पण लिंकवर लगेच क्लिक करू नका. माउसचा बाण नुसता तिच्यावर न्या, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. मोबाइलवर बोट दाबून धरलं की दिसतो. मी एकेक करून पाहिलं. बहुतेक लिंक त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या लेखांकडे जात होत्या, म्हणजे आपलाच साक्षीदार आपणच उभा केलेला. काही बाटल्या विकणाऱ्या दुकानाकडे. बाहेरच्या जगाकडे जाणारी एकच होती, ती ‘सिद्ध’वाली.

आता एक थांबा. संकेतस्थळ कसं आहे, हे त्याच संकेतस्थळाला विचारण्यात अर्थ नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅग्रू यांनी 45 जणांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली: इतिहासाचे 10 अभ्यासक, 25 विद्यार्थी आणि 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस. अभ्यासक आणि विद्यार्थी पानातच अडकले. सुबक मांडणी आणि भारदस्त नाव पाहून अनेकजण फसले. तपासनीस मात्र क्षणात पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. त्यांनी त्या पानावरचं कमी वाचलं, आणि तेच बरोबर निघाले. मीही तसंच केलं. लेख छापणारी मंडळी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतात, हे दोन मिनिटांत कळलं. तेवढ्यावरून लेख खोटा ठरत नाही हं, पण कान टवकारायला हवेत.

मग ती एकुलती एक लिंक उघडली. ती गेली आणखी एका आरोग्यलेखाकडे, तिथून तिसरीकडे, आणि अखेर हाइन्झ व्हाल्टिन या वैद्यकाच्या 2002 सालच्या शोधनिबंधावर. निबंध लांब. मी कंट्रोल आणि एफ दाबून ‘1945’ शोधलं, कारण तिसऱ्या लेखात ते साल आलं होतं. तिथे अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाची शिफारस सापडली: प्रौढांना साधारण अडीच लिटर पाणी पुरेसं. आणि त्याच शिफारशीत पुढे हे वाक्य: यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातच असतं!

हे पुढचं वाक्य वाटेत कुणीतरी गाळलं असावं, असा व्हाल्टिन यांचा अंदाज आहे. आणि गंमत म्हणजे, ज्या निबंधाकडे हा सगळा रस्ता जात होता, त्याचा निष्कर्षच उलटा: समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसाला आठ ग्लास लागतातच, याला शास्त्रीय आधार त्यांना सापडला नाही. बहुधा या साखळीतल्या कुणीच पुढची लिंक उघडून वाचली नव्हती.

पण घाईने उलटं टोकही गाठू नका. कडक उन्हात राबणारा माणूस किंवा मुतखड्याचा रुग्ण यांना जास्त पाणी हवंच, हे त्याच निबंधात आहे. मूळ लेखाने हा फरक केलाय का, एवढं पाहायला मी एकदाच मागे गेले आणि शोधात ‘मुतखडा’ टाकला. एकदाही नाही. ‘ऊन’ टाकलं. तेही नाही. ‘बाटली’ मात्र चौदा वेळा होती.

टॅब बंद केला. नमस्कार.