पुढच्या महिन्यापासून व्याज लागेल, हे पार्टीला कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी! उधारीच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, "दादा, व्याजाचं नाव काढलं तर पार्टी तुटणार नाही का?" तुटते. माझी तुटली आहे.

आपला खोके बनवायचा कारखाना. आठ वर्षांची पार्टी, पेमेंट नेहमी महिनाभर उशिरा. एकदा वैतागून मी व्हॉट्सॲपवर जुन्या तीन बिलांवर व्याज लावून हिशोब पाठवला. शेठ भांडले नाहीत. चार दिवसांत व्याजासकट सगळं चुकतं केलं, आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली!

दर, मुदत हे सगळं तुम्हाला ठरवता येतं, त्यात वेळ घालवत नाही. माझं 30 दिवस, पुढे वर्षाला 18 टक्के. गोची आहे ती जुन्या बाकीत. तिला हात लावायचा नाही. "एक तारखेपासून व्याज" म्हटलं की समोरचा समजतो, आजवरची बाकी एक तारखेपासून व्याजावर धावणार. म्हणून लिहा, "एक तारखेपासून निघणाऱ्या बिलांना." तुम्ही शेठच्या जागी बसून बघा: जुना माल घेताना ही अट नव्हती, मग आता का मान्य करू? आणि तुमच्याही फायद्याचं आहे, कारण जुन्या व्याजावर वाद झाला की मुद्दलच अडकतं.

आधी फोन, मग पत्र. मालकालाच फोन करा, अकाउंटंटला नको. "शेठ, कागदवाला आता मला उधार देत नाही. एक तारखेनंतरच्या बिलांना 30 दिवसांपुढे व्याज लावतोय, सगळ्याच पार्ट्यांना. जुनं आहे तसंच." त्याच दिवशी हेच ईमेलवर टाका. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल पोचल्यापासून, तेही लिहा. भांडणं तिथेच होतात.

कमेंटमध्ये काही जण म्हणतात, थेट 2006 च्या एमएसएमई कायद्याची नोटीस पाठवा. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदाराला 45 दिवसांपुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, खरं आहे. पण अहो, पुढच्या आठवड्यात त्याच शेठकडे चहा प्यायचाय ना? तो कागद कपाटात राहू द्या.

आता आकडा. 80,000 चं बिल 20 दिवस उशिरा आलं, तर 18 टक्क्यांनी व्याज 789 रुपये. मिळालं तर त्यावर जीएसटीही भरावा लागतो, सीएला विचारा. पहिल्या वेळी मी डेबिट नोट काढतच नाही. नुसता मेसेज करतो, "शेठ, 789 झाले होते, या वेळी सोडले." दुसऱ्या वेळी मात्र नोट जाते. बिलाच्या तळाशी "24% व्याज आकारले जाईल" छापून दहा वर्षं एक रुपया न घेणारे बरेच जण आहेत, त्यांची ती ओळ आता कुणी वाचतही नाही.