आजींच्या पत्राला उत्तर

नमस्कार श्रोतेहो. एका देवस्थानाच्या कार्यालयात मी बावीस वर्षं भाविकांच्या पत्रांना उत्तरं लिहिली. त्यातलं सगळ्यात अवघड पत्र म्हणजे, ‘आम्ही चार तास रांगेत, आणि देणगीदार दहा मिनिटांत गाभाऱ्यात. कीर्तनालाही पुढच्या गाद्या त्यांच्याच. असं का?’

असंच पत्र एका आजींचं आलं. मी ठरलेलं उत्तर धाडलं: देवापुढे सगळे सारखे, देणगीतून अन्नछत्र चालतं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आठवड्याभरात आजी ते पत्र घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या. म्हणाल्या, “बाळा, सगळे सारखे असते तर मी पत्र कशाला लिहिलं असतं? अन्नछत्रात मीही जेवलेय. त्याला मी नावं ठेवत नाही. पण आमची रांग अडते कुठं, ते एकदा येऊन बघ.”

मी त्यांच्यामागे रांगेत उभा राहिलो, घड्याळ बघत. रांग वाहती असली की मिनिटाला वीस माणसं दर्शन घेऊन बाहेर पडत. मग पासवालं एक कुटुंब आलं, पाच जणांचं. संकल्प, शाल-नारळ, फोटो. पाच मिनिटं गेली. म्हणजे पाच माणसांसाठी शंभर माणसं खोळंबली. पुन्हा सांगतो, पाच माणसांसाठी शंभर. त्या तासात अशी चार कुटुंबं आली. वीस मिनिटं तिथंच गेली.

तेव्हा कळलं, राग पासाइतकाच गाभाऱ्यातल्या सत्काराचाही होता. विश्वस्तांपुढे हा हिशेब ठेवला. सत्कार कार्यालयात हलवला, पासाला सकाळ-संध्याकाळ एकेक तास ठरवून दिला.

  

श्रोतेहो, ‘व्हीआयपी दर्शना’चा प्रश्न 2025 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशी खास वागणूक असू नये असं मत न्यायालयाने मांडलं, पण आदेश दिला नाही. म्हणजे उत्तर देवस्थानानंच द्यायचं. पंढरपुरात आषाढीच्या महापूजेला मुख्यमंत्र्यांबरोबर रांगेतलं एक वारकरी जोडपं मानानं उभं राहतं, ते मला फार आवडतं.

तर उत्तर लिहिताना आधी खोळंबा कबूल करा. मग पास किती वाजता चालतो ते लिहा. मग काय बदललं ते तारखेसह लिहा. ‘देवापुढे सगळे सारखे’ मात्र लिहू नका. खोळंबा, वेळ, बदल, एवढंच.

आजींना दुसरं पत्र असं गेलं: “आपण चार तास उभ्या होतात, हे खरं आहे. रांग गाभाऱ्यातल्या सत्कारामुळे अडत होती. येत्या पौर्णिमेपासून सत्कार कार्यालयात होईल. देणगीदारांसाठी पासाचं शीघ्रदर्शन सकाळ-संध्याकाळ एकेक तास चालूच राहील, कारण अन्नछत्राचा खर्च त्यावर चालतो. कीर्तन सुरू झालं की पुढच्या रिकाम्या गाद्या ज्येष्ठांना दिल्या जातील.”

पौर्णिमेला आजी आल्या. कीर्तनाला पुढच्या गादीवर बसल्या होत्या.