कोतवाल बुकातला ‘कित्ता’

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, हे गावातल्या जन्ममृत्यूंचं जुनं रजिस्टर. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात अशी पुष्कळ पानं कपाटातून बाहेर आली. आज मी त्यातल्या एकाच रकान्याबद्दल बोलणार आहे, जातीच्या.

लिहिणारा पहिल्या ओळीत ‘कुणबी’ लिहितो. खाली दोन तिरक्या रेघोट्या मारतो, कुठे ‘कित्ता’ लिहितो, घाईत असला तर सरळ उभी रेघ ओढतो. पान वाचताना आपली नजर आपोआप वर जाते. पण टाइप केलेल्या यादीत चौथ्या माणसासमोर नुसतं 〃 असेल, तर ‘कुणबी’ शोधून तो सापडणार नाही. म्हणून प्रत्येक ओळीत पूर्ण शब्द हवा.

इथे बहुतेक जण एक्सेलमधली ती प्रसिद्ध युक्ती वापरतात: खुणा पुसायच्या आणि सगळ्या कोऱ्या खणांत वरचा शब्द भरायचा. घोळ इथेच होतो. समजा, पानावर आठ ओळी आहेत. पहिलीत कुणबी, पुढच्या तिघांना खूण, पाचवीत माळी, सहावीत खूण, सातवी कोरी, आठवीत पुन्हा खूण. त्या युक्तीने सातवा आणि आठवा दोघेही माळी होतात. सातव्याची जात तर कोणी लिहिलेलीच नाही!

म्हणून टाइप करताना मूळ रकाना जसाच्या तसा ठेवा. रेघ ज्या ज्या ओळीतून जाते तिथे `|` टाका आणि रिकाम्या जागी `[कोरे]` असं चक्क लिहा. शीटच्या पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आणि मूळ रकाना C मध्ये असेल, तर शेजारच्या D मध्ये शीटच्या दुसऱ्या ओळीपासून हे सूत्र:

```
=IF(OR(C2="〃",C2="कित्ता",C2="|"),D1,C2)
```

आता पानावरच्या सातव्या आणि आठव्या दोन्ही ओळींत `[कोरे]` येतं. आठवा कोणाच्या खाली मोजायचा, हे मूळ पान उघडूनच ठरवायचं. क्रमवारी लावायची ती यानंतर, आणि तीही D मधली सूत्रं काढून नुसते शब्द चिकटवल्यावर. नाहीतर ओळी हलतात आणि प्रत्येक सूत्र नव्या शेजाऱ्याची जात उचलतं.

नव्या पानाच्या पहिल्याच ओळीत खूण असेल, तर ती मागच्या पानाच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवते. मधलं पान गहाळ असलं तरी सूत्र बिनदिक्कत भरत सुटतं. म्हणून आधी पानांचे क्रमांक जुळवा.

आणि मृत्यूंच्या बाजूला वयाच्या रकान्यात हे सूत्र लावूच नका. जुन्या लेखनात ‘॥’ म्हणजे अर्धा, ‘१॥’ म्हणजे दीड. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याखाली ‘॥’ दिसलं, तर ते सहा महिन्यांचं बाळही असू शकतं. त्याच हाताने जातीच्या रकान्यात मारलेल्या खुणा शेजारी ठेवून पाहा: तिथल्या रेघोट्या आखूड आणि तिरक्या असतील, आणि वयातल्या दोन रेघा उभ्या, अंकांएवढ्या उंच असतील, तर तिथे बाळच आहे.