कपाटाची पाठ

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरचा मोठा पाऊस येतो तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताचा. जून-जुलैत कपाटाला काही झालं नाही म्हणून आपण निर्धास्त असतो आणि नवरात्राच्या आवराआवरीत चादरी काढायला दार उघडलं की कुबट वास येतो.

लगेच डांबरगोळ्या टाकू नका. त्यांनी वास झाकला जातो, बुरशी तशीच राहते. चादरी बाहेर काढून उन्हात टाका आणि कपाट भिंतीपासून ओढून त्याची पाठ बघा. दाराला पॉलिश असतं, सनमायका असतो, पण मागचा प्लाय बहुतेक कोराच सोडलेला असतो. भिंतीला टेकलेला तो कोरा प्लाय ओल पीत राहतो. त्यावर राखाडी पूड किंवा काळे ठिपके दिसले, की वासाचं मूळ सापडलं.

ती पूड कोरड्या ब्रशनं झाडू नका, घरभर उडेल. नाका-तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. प्रत्येक पुसणीला फडक्याची स्वच्छ बाजू वर घ्या. तासाभरानं साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं पुन्हा पुसा. ब्लीच इथे कामाचं नाही. त्यानं वरचा डाग फिका होतो, पण त्यातलं पाणी लाकडात मुरतं. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी वायू होतो.

आता दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळू द्या. कडक उन्हात ठेवलात तर प्लाय वाकतो, पापुद्रे सुटतात. मग रात्रभर दार बंद ठेवा आणि सकाळी उघडताक्षणी वास घ्या. कुबटपणा उरला असेल तर अजून वाळवायचं आहे. वास गेला, की सुताराकडून पाठीला आणि आतल्या कोऱ्या फळ्यांना चपड्या लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारून घ्या. लाख ओल अडवते, उरलासुरला वासही दाबते. ओल्या लाकडावर मात्र ती पांढरट पडते. पॉलिशमध्ये स्पिरिट असतं, त्यामुळे हात मारताना जवळपास गॅस, उदबत्ती पेटवू नका.

कपाट जागेवर नेण्याआधी भिंत तपासा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपनं भिंतीला चिकटवा, एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर भिंतीतूनच ओल येते आहे. ती गळती बुजवल्याशिवाय कपाट तिथे ठेवू नका. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर ओल हवेतली आहे. तेव्हा कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे आणि जमिनीपासून थोडं उचलून ठेवलं, की मागून वारा खेळतो. चादरी ठासून भरू नका. इस्त्रीचे गरम कपडे निवल्याशिवाय आत ठेवू नका, त्यांची वाफ आतच कोंडते. आणि दारं उघडी ठेवायची ती उघडीप असलेल्या दुपारी; झड लागली असताना उघडली, तर बाहेरची ओलच आत येते.