‘पारी फाटते’ असं लोक टाइप करतात

(घरगुती खाद्यव्यवसाय करणाऱ्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मी एकच कॅरोसेल घेऊन आले आहे, सात स्लाइडचं, इन्स्टाग्रामवरचं. विषय उकडीचे मोदक. ते मीच केलं होतं, आणि ते कुणालाही सापडलं नव्हतं.

आधी त्याची पहिली स्लाइड ऐका: ‘बाप्पाच्या आवडीचं काहीतरी खास!’ खाली कॅप्शनमध्ये फुलं, हात जोडलेले इमोजी आणि ‘स्वाइप करा’. पुढच्या सहा स्लाइडमध्ये माहिती चांगली होती. उकड कोरडी राहिली, नीट मळली गेली नाही, किंवा कडा जाड ठेवून मधला भाग फार पातळ केला, तर पारी फाटते, असं सगळं. पण ‘मोदक’ हा शब्द पहिल्यांदा आला तो तिसऱ्या स्लाइडवर, आणि कॅप्शनमध्ये आलाच नाही. ज्या बाईची पारी फाटते आहे, हाताला पीठ लागलंय, ती एका बोटाने शोधात काय लिहील? ‘बाप्पाच्या आवडीचं काहीतरी खास’? (हशा)

म्हणून सुरुवात शोधाच्या खिडकीपासून करायची. ‘मोदक’ लिहा आणि थांबा. खाली ज्या सूचना येतात त्या कागदावर उतरवा. मग रोमन लिपीत `modak`, `ukadiche modak`, `ukdiche modak` लिहून बघा. आपण मराठी बोलतो, पण फोनवर पुष्कळ जण रोमनमध्ये टाइप करतात, आणि ‘उकडीचे’चं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. हे शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून करा. तुमच्या फोनला तुमच्या सवयी माहीत असतात, त्यामुळे तो तुम्हाला तुमचंच दाखवतो. दोन शब्दांत अडलात तर गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून त्यांची तुलना करा. मोदकाचा आलेख दरवर्षी गणपतीच्या सुमाराला उभा चढतो. म्हणजे पोस्ट चतुर्थीच्या सकाळी टाकून चालत नाही, दोन-तीन आठवडे आधी टाकावी लागते.

आता शब्द कुठे ठेवायचे. २०२१मध्ये इन्स्टाग्रामने आपला शोध कसा चालतो हे सांगितलं होतं. पोस्ट शोधात सापडावी असं वाटत असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये लिहा, कमेंटमध्ये नको, असा त्यातला सल्ला होता. कमेंटमध्ये टॅग लपवून कॅप्शन ‘स्वच्छ’ ठेवण्याची जी टूम होती, तिचा शोधासाठी उपयोग नाही.

मग स्लाइडवरच्या मजकुराचं काय? चित्रातली अक्षरं वाचणारी रोझेटा नावाची यंत्रणा इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीकडे २०१८पासून आहे. पण मी त्या भरवशावर काम करत नाही. सजावटीच्या वळणदार देवनागरीत, केशरी पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं माणसाला वाचता येत नाही, तर यंत्राचं काय घेऊन बसलात! माझा हिशोब सोपा आहे. कॅप्शन यंत्रासाठी, पहिली स्लाइड डोळ्यासाठी. शोधाच्या निकालात छोट्या चौकटी दिसतात, आणि त्या बाईने जे टाइप केलं तेच शब्द एखाद्या चौकटीवर दिसले तर ती तिथे थांबते. म्हणून तोच शब्दसमूह दोन्हीकडे हवा.

इथे मराठीची एक गंमत आहे. मी पहिली स्लाइड बदलून लिहिलं, ‘उकडीच्या मोदकाची पारी का फाटते?’ वाक्य उत्तम. पण नीट बघा, त्यात ‘उकडीचे मोदक’ कुठे आहेत? सामान्यरूप झालं! लोक शोधतात ‘उकडीचे मोदक’, आणि माझ्याकडे आहे ‘उकडीच्या मोदकाची’. ‘तांदूळ’चं तर ‘तांदळाची’ होतं, म्हणजे शब्दाचा मधला भागच बदलतो. शोधणारं यंत्र ही सगळी रूपं जोडून घेईल असं मी गृहीत धरत नाही. मूळ रूप एकदा तरी यावं, अशी वाक्यरचना बदलते. शेवटी कॅप्शनची सुरुवात अशी झाली:

```
उकडीचे मोदक करताना पारी फाटते? तीन कारणं आणि उपाय.
Ukadiche modak recipe in Marathi
```

रोमन ओळ एकच. तिथे पाच स्पेलिंगांची रांग लावली की कॅप्शन किराणा यादीसारखं दिसतं. दुसरं स्पेलिंग टॅगमध्ये घ्या. फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून हे सगळं वर, फुलं-इमोजी खाली.

हॅशटॅगवर फार वेळ घालवणार नाही. पूर्वी तीस चालायचे. २०२५च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामने मर्यादा पाचवर आणली. टॅगने पोहोच वाढत नाही, असं तिथले प्रमुख ॲडम मोसेरीही वारंवार सांगतात. टॅग म्हणजे बरणीवरची चिठ्ठी, आत काय आहे ते सांगणारी. मोदकाच्या पोस्टला मी हे चार लावले:

```
#उकडीचेमोदक #ukdichemodak #modakrecipe #मराठीरेसिपी
```

यात जागा सोडलीत तर घात होतो. `#उकडीचे मोदक` लिहिलं की टॅग बनतो फक्त ‘उकडीचे’. जोडून लिहा किंवा मध्ये अंडरस्कोर द्या. पोस्ट केल्यावर निळं कुठपर्यंत झालंय ते बघायचं, लगेच कळतं.

एक फसगत मात्र डोळ्याला दिसत नाही. ‘पाऱ्या’ शब्दातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घालतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी वेगळे. शिवाय घाईत ‘पार्या’ लिहिणारे आहेतच. म्हणून टॅगमध्ये आणि मुख्य शब्दांत असं रूप टाळते. एकवचनी ‘पारी’ बिनधोक.

(श्रोत्यांतून एका ताईंचा प्रश्न: आमचा डिझायनर स्लाइडचा मजकूर देतो, तोच कॅप्शनमध्ये चिकटवला तर?)

ताई, चिकटवून बघा. तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करत असेल, तर स्लाइडवर सुंदर मराठी आणि कॅप्शनमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा! स्लाइड हे चित्र आहे, तिथे खपून जातं. कॅप्शन युनिकोडमध्येच हवं, ते फोनवरून पुन्हा टाइप करा. आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं लिहिलेलं वर्णन, तेही तसंच. ते प्रत्येक स्लाइडला वेगळं देता येतं, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये. मुळात ते ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसांसाठी आहे, तेव्हा तिथे शब्द कोंबू नका. ‘बोटांनी दाबून पातळ केलेली मोदकाची पारी, कडेला चीर’ एवढं खरं वर्णन लिहिलं, की शब्द आपोआप येतात.

खातं प्रोफेशनल आणि सार्वजनिक असेल तर जुलै २०२५पासून अशा पोस्ट गूगललाही दिसू शकतात. तुम्हाला ते नको असेल तर सेटिंगमध्ये बंद करता येतं.

पोस्ट सापडते की नाही, हे स्वतःच्या खात्यावरून तपासू नका. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या नणंदेच्या फोनवर ‘उकडीचे मोदक पारी’ लिहा आणि खाली सरकत जा. इनसाइट्समध्ये फॉलो न करणाऱ्यांचा वाटा दिसतो. सण ओसरल्यावरही तो हळूहळू हलत असेल तर लोक शोधून येताहेत असा माझा अंदाज असतो. पुरावा नव्हे, अंदाजच.

(प्रश्न: जुन्या पोस्टचं काय?)

कॅप्शन आणि आल्ट टेक्स्ट नंतरही बदलता येतात, आज घरी जाऊन बदला. स्लाइडवरची अक्षरं मात्र चित्रात गोठलेली असतात. माझ्या ‘काहीतरी खास’वाल्या पोस्टचं कॅप्शन मी बदललं, पण पहिली स्लाइड तशीच राहिली. मग पुढच्या भाद्रपदाआधी अख्खं कॅरोसेल नव्याने टाकलं.